द्राक्षगर्भानंतरचे आठवडे : पिशवी रिकामी झाल्यावर बीटा एचसीजीचा पाठपुरावा कसा करावा

पाळी चुकून दोन-अडीच महिने झालेले असतात. अंगावरून अधूनमधून तपकिरी डाग जाऊ लागतात, उलट्या इतक्या होतात की पाणीही टिकत नाही. सोनोग्राफीत बाळाऐवजी पिशवीभर ठिपकेदार पांढरट चित्र दिसते आणि रक्तातील बीटा एचसीजी या गर्भारपणातील संप्रेरकाचा आकडा लाखांत येतो. डॉक्टर सांगतात की ही मोलर प्रेग्नन्सी, म्हणजेच द्राक्षगर्भ आहे आणि पिशवी लवकरात लवकर रिकामी करावी लागेल. घरातल्या सर्वांचे लक्ष साहजिकच त्या एका प्रक्रियेकडे लागते. ती थोड्या वेळात उरकते आणि बहुतेक स्त्रिया एक-दोन दिवसांत घरी येतात. त्यानंतर ‘झाले ते झाले, आता विसरून जा’ असे सांगणारे बरेच भेटतात. या आजारात मात्र विसरून चालत नाही, कारण पिशवी रिकामी झाल्यावर मागे राहिलेल्या पेशी विरत आहेत की पुन्हा वाढत आहेत हे शरीराच्या बाहेरून कळत नाही. ते कळते दर आठवड्याच्या रक्ततपासणीतून. हा लेख प्रामुख्याने त्या तपासणीविषयी आहे. ज्यांच्या घरी हे निदान नुकतेच झाले आहे, त्यांनी पुढचे काही महिने काय करावे, कोणते कागद जपावेत आणि आकडे कसे वाचावेत, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी थोडे आजाराविषयी

गर्भ राहताना बीजांडातून आईची आणि शुक्राणूतून वडिलांची गुणसूत्रे येतात. पूर्ण द्राक्षगर्भात बीजांडातील आईची गुणसूत्रे नाहीशी झालेली असतात. बहुतेक वेळा एकाच शुक्राणूची गुणसूत्रे दुप्पट होतात, काही वेळा दोन शुक्राणू आत शिरतात. अशा स्थितीत बाळ तयारच होत नाही, फक्त वार वेडीवाकडी वाढत जाते. अपूर्ण द्राक्षगर्भात आईची गुणसूत्रे असतात, पण दोन शुक्राणूंमुळे एकूण संख्या ४६ ऐवजी ६९ होते. तेथे गर्भाचा काही भाग दिसू शकतो, परंतु तो जगू शकत नाही. दोन्ही प्रकारांत वारेचे बारीक कोंब पाण्याने फुगतात. पिशवीतून बाहेर आलेला भाग जवळून पाहिला, तर भिजलेल्या साबुदाण्यापासून लहान द्राक्षापर्यंतच्या आकाराचे, पातळ देठांनी एकमेकांना जोडलेले पारदर्शक फुगे रक्ताच्या गाठींमध्ये अडकलेले दिसतात.

या वर्णनातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की हे गर्भधारणेच्या क्षणीच घडून गेलेले असते. जड वस्तू उचलल्याने, पपई खाल्ल्याने, रिक्षाच्या धक्क्यांनी किंवा कोणाच्या नजरेने द्राक्षगर्भ होत नाही, त्यामुळे सुनेकडे किंवा मुलाकडे बोट दाखवण्याला काही आधार नाही. वयाचा संबंध मात्र आहे. अगदी कोवळ्या वयात आणि पंचेचाळिशीनंतर हा धोका वाढतो. दुसरी गोष्ट अशी की एचसीजी हे संप्रेरक वारेच्याच पेशी तयार करतात. म्हणून वार भरमसाट वाढली की आकडा भरमसाट वाढतो आणि वारेच्या पेशी संपल्या की तो शून्याजवळ येतो. पाठपुराव्याचे सारे गणित या एका नात्यावर उभे आहे.

निदान कशावरून होते

पहिल्या तीन महिन्यांत अंगावरून जाणे हे सर्वांत नेहमीचे लक्षण आहे, परंतु साध्या गर्भपातातही तेच होते. द्राक्षगर्भाचा संशय वाढवणाऱ्या खुणा वेगळ्या आहेत : महिन्यांच्या मानाने मोठी झालेली पिशवी, आटोक्यात न येणाऱ्या उलट्या, पाचवा महिना लागण्याआधीच वाढलेला रक्तदाब, हात थरथरणे आणि छातीत धडधड. द्राक्षासारखे फुगे पडणे ही खूण ठळक खरी, पण हल्ली सोनोग्राफी लवकर होत असल्याने ती वेळ बहुधा येत नाही. घरी असे काही पडलेच, तर ते फेकून न देता झाकणाच्या स्वच्छ डब्यात घेऊन लगेच रुग्णालयात जावे. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा धाप लागत असेल, तर ओपीडीच्या वेळेची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बीटा एचसीजीच्या पहिल्या आकड्याविषयी सावध राहिले पाहिजे. निरोगी गर्भारपणातही आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास हा आकडा एक लाखाच्या आसपास किंवा त्याहून वर जाऊ शकतो आणि जुळ्यांमध्ये आणखी वर. त्यामुळे केवळ ‘लाखाच्या वर आला’ म्हणून द्राक्षगर्भ ठरत नाही. सोनोग्राफी आणि आकडा दोन्ही मिळून संशय पक्का होतो. याच्या उलटही घडते. संप्रेरक अतिशय जास्त असेल, तर लघवीची घरगुती पट्टी किंवा रक्ताची चाचणीही क्वचित फसते आणि नकारात्मक किंवा फार कमी आकडा दाखवते. सोनोग्राफी आणि आकडा एकमेकांशी जुळत नसतील, तर डॉक्टर प्रयोगशाळेला नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगतात.

सहा-सात आठवड्यांतच सोनोग्राफी झाली, तर द्राक्षगर्भ ओळखू न येता ‘बाळाची वाढ थांबली आहे’ एवढाच निष्कर्ष निघू शकतो. अपूर्ण प्रकारात तर हे नेहमीचे आहे. म्हणूनच पुढची तुकड्याची तपासणी इतकी महत्त्वाची ठरते.

पिशवी रिकामी करण्याआधी आणि करताना

ही प्रक्रिया कोठे करावी हा पहिला प्रश्न असतो. पिशवी चार महिन्यांच्या गर्भाइतकी किंवा त्याहून मोठी झाली असेल, तर रक्तस्राव आणि श्वासाच्या तक्रारींची शक्यता वाढते. अशा वेळी घराजवळच्या छोट्या प्रसूतिगृहापेक्षा रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग एकत्र असलेले रुग्णालय गाठावे. पुण्यात ससूनसारखे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, पिंपरीला यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे आणि मोठी धर्मादाय व खासगी रुग्णालयेही आहेत. निवड करताना नावापेक्षा या सोयी विचाराव्यात.

प्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन, रक्तगट, थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे आणि बीटा एचसीजी केले जाते. थायरॉइड कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. एचसीजीची रचना थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. त्यामुळे आकडा फार वाढला की थायरॉइड अतिवेगाने काम करू लागते आणि तशा अवस्थेत भूल देणे धोक्याचे ठरते. आधी औषध देऊन हृदयाची गती आटोक्यात आणावी लागते. रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डीचे इंजेक्शन ७२ तासांच्या आत मिळाले की नाही, हे घरच्यांनी आठवणीने विचारावे.

पिशवी सक्शनने, म्हणजे नळीवाटे ओढून, शक्यतो सोनोग्राफीच्या देखरेखीखाली रिकामी केली जाते. गर्भपाताच्या गोळ्या येथे योग्य मानल्या जात नाहीत, कारण आतला भाग बाहेर पडण्याआधीच पिशवी जोराने आकुंचन पावली तर रक्तस्राव वाढतो आणि वारेच्या पेशी शिरांमध्ये ढकलल्या जाण्याची भीती असते. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेणे एरवीही चुकीचेच आहे, येथे ते विशेष घातक आहे. चाळिशी ओलांडलेल्या आणि आणखी मूल नको असलेल्या स्त्रीला गर्भाशय काढण्याचा पर्याय सांगितला जातो. त्याने पुढचा धोका कमी होतो, पण संपत नाही, त्यामुळे रक्ताचा पाठपुरावा तिलाही चुकत नाही.

सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांमध्ये मोठ्या पाण्याच्या गाठी दिसल्या, तर घाबरू नये. त्या एचसीजीमुळे आलेल्या असतात आणि आकडा उतरल्यावर दोन-तीन महिन्यांत आपोआप विरतात. केवळ त्या दिसल्या म्हणून शस्त्रक्रिया लागत नाही. एकाएकी एका बाजूला असह्य दुखू लागले, तर मात्र अंडाशयाला पीळ पडल्याची शंका घेऊन तत्काळ दाखवावे.

तुकडा तपासणीला गेला का, हे विचारा

पिशवीतून निघालेला भाग फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजी विभागात पाठवावा लागतो. सगळ्या साखळीत सर्वाधिक निसटणारी कडी हीच आहे, असे माझे मत आहे. द्राक्षगर्भाचा संशय असेल तर तुकडा पाठवला जातोच, पण ‘वाढ थांबली’ म्हणून केलेल्या क्युरेटिंगमध्ये तो तपासणीला न जाण्याची शक्यता असते आणि असलेला द्राक्षगर्भ कायमचा अज्ञात राहतो. म्हणून कोणत्याही क्युरेटिंगच्या दिवशीच ‘तुकडा तपासायला पाठवला का आणि अहवाल कधी मिळेल’ हे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. तुकडा गेलाच नसेल, तर निदान तीन आठवड्यांनी लघवीची गर्भचाचणी करावी. तेव्हाही ती सकारात्मक असेल किंवा अंगावरून जाणे थांबत नसेल, तर रक्ताची बीटा एचसीजी करून घ्यावी.

अहवालात पूर्ण की अपूर्ण, हे लिहिलेले असावे. सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी हा भेद स्पष्ट होत नाही, तेव्हा ‘पी५७’ नावाची जादा तपासणी करतात. हे प्रथिन आईकडून आलेल्या जनुकामुळे तयार होते. पूर्ण द्राक्षगर्भात आईची गुणसूत्रे नसल्याने त्याच्या कोंबांमध्ये ते आढळत नाही, अपूर्ण प्रकारात आढळते. हा भेद केवळ नावापुरता नाही. पूर्ण द्राक्षगर्भानंतर साधारण १५ ते २० टक्के स्त्रियांमध्ये पेशी पुन्हा वाढू लागतात आणि औषधोपचार लागतात, तर अपूर्ण प्रकारानंतर हे प्रमाण बरेच कमी, सुमारे ५ टक्क्यांपर्यंत असते. पाठपुरावा किती काळ चालेल हेही त्यावरूनच ठरते. हा अहवाल, सोनोग्राफीचे कागद आणि डिस्चार्ज कार्ड एकाच फाइलमध्ये ठेवावे आणि मोबाइलमध्येही त्यांचे फोटो असू द्यावेत.

दर आठवड्याचा आकडा

पिशवी रिकामी झाल्यावर साधारण एका आठवड्याने पहिली तपासणी होते आणि त्यानंतर दर आठवड्याला किंवा डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर पंधरवड्याला. सलग तीन आठवडे आकडा सामान्य, म्हणजे बहुतेक प्रयोगशाळांच्या अहवालात ५ मिलिएकक प्रति मिलिलिटरच्या खाली, येईपर्यंत ती थांबत नाही. पुढे मी एकक वगळून फक्त आकडाच लिहितो.

प्रयोगशाळा एकच ठेवावी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येऊ शकतात. मग ३०० चे ३४० झाले, ते आजार वाढल्यामुळे की यंत्र बदलल्यामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही. पुण्यात क्युरेटिंग होऊन विश्रांतीसाठी साताऱ्याला किंवा बार्शीला माहेरी जाणे स्वाभाविक आहे. जाण्यापूर्वी, ज्या प्रयोगशाळेत पहिली तपासणी झाली तिचे संकलन केंद्र माहेरच्या गावात किंवा तालुक्यात आहे का, ते पाहून घ्यावे. पहाटे उपाशी पोटी जाण्याची गरज नाही, मात्र वार ठरवून घ्यावा. दर सोमवार म्हटले की खाडा झालेला लगेच लक्षात येतो. पाठपुरावा बहुधा माहेरी असतानाच तुटतो, कारण तोपर्यंत तब्येत ठणठणीत झालेली असते आणि पाळीही आलेली असते. तब्येत चांगली असणे आणि आकडा उतरणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तारीख, आठवडा, आकडा आणि ‘आधीच्या आकड्याच्या किती’ असे चार रकाने एका वहीत आखावेत. चौथा रकाना सर्वांत उपयोगी आहे. रक्तातील एचसीजी साधारण एक ते दीड दिवसात निम्मे होते, त्यामुळे सुरुवातीला घसरण प्रचंड असते आणि नंतर ती मंदावते. १८,००० वरून ४,००० झाले की आनंद होतो आणि ९० वरून ४० झाले की ‘फक्त पन्नासच उतरले’ म्हणून मन खट्टू होते. वास्तविक दोन्ही वेळा घसरण निम्म्याहून अधिक, म्हणजे समाधानकारक आहे. किती एकक उतरले हे न पाहता, मागच्या आकड्याचा किती हिस्सा उरला ते पाहावे.

आता एक उदाहरण पाहू. ही स्त्री कोणी विशिष्ट रुग्ण नाही, समजावण्यासाठी आकडे मांडले आहेत. धायरीची २७ वर्षांची स्त्री, पाळी चुकून दहा आठवडे. पिशवी चौदा आठवड्यांइतकी आणि बीटा एचसीजी २,४६,०००. सक्शन झाले, अहवालात पूर्ण द्राक्षगर्भ आला. पहिल्या आठवड्याचा आकडा १८,६००, दुसऱ्याचा ४,१००, तिसऱ्याचा १,९०० आणि चौथ्याचा १,४२०. येथपर्यंत आकडा दर वेळी उतरला आहे. परंतु चौथा रकाना पाहिला तर दुसऱ्या आठवड्यात पहिल्याच्या सुमारे २२ टक्के उरले होते, तिसऱ्यात दुसऱ्याच्या ४६ टक्के आणि चौथ्यात तिसऱ्याच्या ७५ टक्के. घसरणीचा वेग कमी होत आहे. याला अजून आजार म्हणत नाहीत, मात्र पुढची तपासणी एक दिवसही पुढे ढकलू नये असा हा इशारा आहे.

पाचव्या आठवड्याला १,३८०, सहाव्याला १,४६०, सातव्याला १,४०० आले. सहाव्या आठवड्याच्या १,४६० वर घरात रडारड होण्याची शक्यता असते, पण त्या एका वाढीचा अर्थ काहीच नाही, कारण ती दहा टक्क्यांच्या आत आहे. अर्थ आहे तो चारही आकड्यांना एकत्र. जागतिक स्त्रीरोग संघटना ‘फिगो’च्या निकषाप्रमाणे तीन आठवड्यांच्या काळातील चार आकडे, म्हणजे पहिल्या, सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवसाचे, जर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आसपासच घुटमळत असतील, तर आकडा अडला आहे असे मानतात. दुसरा निकष वाढीचा आहे. दोन आठवड्यांच्या काळातील तीन आकड्यांमध्ये आकडा दहा टक्क्यांहून अधिक चढत गेला, तर थांबायचे नाही. यापैकी काहीही झाले, तर मागे राहिलेल्या पेशी पुन्हा वाढत आहेत असे समजून पुढील तपासण्या होतात. आपल्या उदाहरणात चौथ्या ते सातव्या आठवड्याचे आकडे पहिला निकष पूर्ण करतात.

आलेख नीट उतरत गेला असता, तर याच स्त्रीचा आकडा बहुधा आठ ते बारा आठवड्यांत ५ च्या खाली गेला असता. सलग तीन सामान्य आकड्यांनंतर फिगोच्या अलीकडच्या सूचनेप्रमाणे पूर्ण प्रकारात आणखी तीन महिने दरमहा तपासणी करतात आणि अपूर्ण प्रकारात महिन्याने एकदा खातरजमा केली की पुरते. अनेक डॉक्टर मात्र अजूनही जुन्या पद्धतीने सहा महिने सांगतात. आपल्या डॉक्टरांनी सहा सांगितले असतील, तर इंटरनेटवर तीन वाचून परस्पर थांबवू नये. उलट त्यांनाच ‘शेवटची तपासणी कोणत्या तारखेला’ हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे.

दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत पुढीलपैकी काही झाले, तर ठरलेल्या वाराची वाट पाहू नये : अंगावरून पुन्हा जोरात जाणे, खोकल्यातून रक्त पडणे, चालताना नव्याने धाप लागणे, तीव्र डोकेदुखी, झटका किंवा दृष्टीत बदल. या पेशी सर्वप्रथम फुप्फुसात आणि योनिमार्गात पसरतात. योनिमार्गातील निळसर गाठीला हात लावल्यास खूप रक्तस्राव होतो, म्हणून तिचा तुकडा काढायला देऊ नये.

आकडा अडला तर

या अवस्थेत ‘पुन्हा एकदा क्युरेटिंग करून टाका’ अशी मागणी नातेवाइकांकडून हमखास होते. काही निवडक रुग्णांत दुसऱ्यांदा सक्शनचा उपयोग होतो, पण सरसकट ते केल्यास पिशवीला छिद्र पडण्याचा किंवा आतील अस्तर चिकटण्याचा धोका असतो. त्याआधी नवा गर्भ राहिलेला नाही याची खात्री, पोटाची डॉपलर सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे होतो. मग वय, आधीची गर्भधारणा, आकडा, गाठीचा आकार, प्रसार इत्यादींवरून गुण मोजतात. सहापर्यंत गुण म्हणजे कमी धोका, सात किंवा अधिक म्हणजे जास्त धोका. आपल्या उदाहरणातील स्त्रीला वयासाठी शून्य, आधीचा गर्भ द्राक्षगर्भ असल्याने शून्य, चार महिन्यांच्या आत निदान झाल्याने शून्य, १,००० ते १०,००० मधील आकड्यासाठी एक. प्रसार नसेल आणि गाठ लहान असेल, तर एकूण एक गुण.

अशा कमी धोक्याच्या आजारात मेथोट्रेक्सेट हे एकच औषध सहसा पुरते. एका रूढ पद्धतीत पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी स्नायूत इंजेक्शन आणि मधल्या दिवशी फोलिनिक अॅसिड देतात, आणि हे चक्र दर दोन आठवड्यांनी पुन्हा होते. आकडा सामान्य झाल्यावरही दोन-तीन चक्रे अधिक दिली जातात. कमी धोक्याच्या जवळजवळ सर्व स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. जास्त धोक्याच्या अवस्थेत अनेक औषधे एकत्र द्यावी लागतात, तरीही बरे होण्याचे प्रमाण चांगले राहते. ‘केमो’ हा शब्द ऐकून घाबरणाऱ्या घरच्यांना हे आधीच सांगावे, कारण उपचार नाकारून गावी निघून जाणे हा येथील खरा धोका आहे.

व्यवहारात एक गोष्ट विसरली जाते. रक्त कमी झाले म्हणून मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांमध्ये बहुधा फॉलिक अॅसिडही असते आणि ते मेथोट्रेक्सेटच्या कामात अडथळा आणू शकते. त्या गोळ्यांचे पाकीट डॉक्टरांना दाखवावे आणि वेदनाशामक गोळ्याही विचारूनच घ्याव्यात. तोंड येणे, डोळे कोरडे होणे, ताप या तक्रारी पुढच्या इंजेक्शनआधी सांगाव्यात. प्रत्येक चक्रापूर्वी रक्तपेशी आणि यकृत तपासले गेले पाहिजे. खर्चाच्या दृष्टीने, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे. योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याआधीच जावे. आधी पैसे भरून नंतर योजनेत बसवणे कठीण जाते.

या काळात गर्भ का राहू नये

नवा गर्भ राहिला तर तोही एचसीजी तयार करतो आणि वाढणारा आकडा गर्भाचा की आजाराचा हे कळेनासे होते. पाठपुरावा संपेपर्यंत, आणि औषध द्यावे लागले असेल तर उपचार संपल्यावर निदान एक वर्ष, गर्भधारणा टाळावी. निरोध चालतो आणि माला-एनसारख्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्याही, इतर काही अडचण नसल्यास, चालतात. गोळ्यांमुळे द्राक्षगर्भाच्या पेशी वाढतात, हा समज आता मागे पडला आहे. तांबी मात्र आकडा सामान्य होईपर्यंत बसवू नये, कारण मऊ पडलेल्या पिशवीला छिद्र पडू शकते. तीन महिन्यांच्या इंजेक्शनाने पाळी अनियमित होते आणि मग आजाराचा रक्तस्राव कोणता हे ओळखणे अवघड जाते, म्हणून ते घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. गर्भनिरोधनाचे साधन डिस्चार्जच्या दिवशीच ठरवावे. पहिली पाळी येण्याआधीही गर्भ राहू शकतो.

पुढच्या वेळी

एकदा द्राक्षगर्भ झाल्यावर पुन्हा होण्याची शक्यता साधारण शंभरात एक-दोन इतकीच असते, म्हणजे बहुतेकींची पुढची गर्भधारणा नेहमीसारखी होते. दोनदा झाल्यास मात्र ही शक्यता बरीच वाढते आणि त्यात जनुकीय कारण असू शकते, तेव्हा आनुवंशिकतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पाळी चुकल्यावर नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत जुनी फाइल दाखवावी आणि सात-आठ आठवड्यांत सोनोग्राफी करून घ्यावी. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी एकदा बीटा एचसीजी करावी की नाही याबद्दल पद्धती वेगवेगळ्या आहेत. मेथोट्रेक्सेट घेतलेल्या स्त्रीने ती करून घेणे श्रेयस्कर आहे, आणि ती शक्यतो त्याच जुन्या प्रयोगशाळेत करावी.